वीस मार्कांचा अनोळखी प्रश्न

मी वीज कंपनीत लाइनमन. बावीस वर्षं खांबांवर चढउतार केली आणि सेहेचाळीसाव्या वर्षी डावा गुडघा बोलायला लागला. खाली शिडी धरून उभा राहणारा जोडीदार आमच्या बोलीत भाऊ म्हणत विचारायचा, "भिया, वरून आवाज कसला येतोय? क्लॅम्प ढिला आहे का?" क्लॅम्प मीच होतो. डॉक्टरांनी चढणं बंद करा असं सांगितलं. जमिनीवर उभं राहून करण्यासारखं आमच्याकडे एकच काम होतं, ट्रान्सफॉर्मर तपासणीचं. त्यासाठी खात्याची लेखी परीक्षा पास व्हावी लागते आणि ती फक्त तीनदा देता येते.

दोनदा मी बसून आलो होतो. बसून म्हणजे नुसता बसूनच. दुसऱ्या वेळी एक प्रश्न असा आला की तो आपल्या पेपरातला नाहीच, असं वाटलं. मी त्याच्याकडे बघत राहिलो, तो माझ्याकडे. यात पाऊण तास गेला. मग जे येत होतं तेही घाईत लिहिलं, आणि दोन प्रश्न राहूनच गेले.

ही हकिकत घरी सांगण्याची चूक मी केली. मुलगी तेव्हा बारावीत होती, सायन्सला. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिच्या गणिताच्या मार्कांकडे पाहायचो.

"बाबा, नाही आलं तर पुढे जायचं ना. इतकी सिम्पल बात."

"पण तो वीस मार्कांचा होता."

"मग? बघत बसल्याचे मार्क देतात का तुमच्या कंपनीत?"

तिसऱ्या खेपेच्या महिनाभर आधी तिने माझा क्लास घ्यायला सुरुवात केली. मल्हारगंजातल्या आमच्या घरात स्वयंपाकाच्या ओट्याजवळ टेबल आहे, तिथे. ती तिच्या फिजिक्सच्या पुस्तकातला, मला कुठल्याच जन्मात न येणारा प्रश्न समोर ठेवायची आणि म्हणायची, "दहा मिनिटं. कोरं नाही सोडायचं." पहिल्या दिवशी भिंगाचा प्रश्न आला. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "भिंगाबद्दल मला एवढंच माहिती," म्हटलं.

"तेच लिहा. काय दिलंय ते लिहा, काय काढायचं ते लिहा, आकृती काढा. स्टेपचे मार्क असतात बाबा, उत्तराचे थोडेच."

मी आकृती काढली. बायको कणीक मळता मळता वाकून म्हणाली, "भजी छान जमलीये." पण मुलीने तीनपैकी एक मार्क दिला. काहीच येत नसताना मिळालेला तो माझ्या आयुष्यातला पहिला मार्क.

परीक्षेचं सेंटर आमच्याच शहरातल्या लालबागकडच्या एका कॉलेजात होतं. मी तासभर आधी पोचलो आणि तो तास पार्किंगमध्ये फेऱ्या मारण्यात घालवला. पेन तीन, तिन्ही चालतात का ते चार वेळा बघितलं. बाकी सगळी डिप्लोमावाली पोरं, माझ्या निम्म्या वयाची. त्यातल्या एकाने अदबीने विचारलं, "अंकल, कोणाला सोडायला आलात?" मी हॉल तिकीट दाखवलं. तो बिचारा दहा मिनिटं माझी माफी मागत राहिला, त्याने माझी धडधड जास्तच वाढली.

पेपर हातात आला. पहिला प्रश्न, अनिवार्य, वीस मार्क. शंभर केव्हीएचा थ्री-फेज ट्रान्सफॉर्मर, अकरा हजार व्होल्टचे चारशे तेहतीस करणारा, इम्पीडन्स साडेचार टक्के. बाहेर जाणाऱ्या टोकांवर तिन्ही फेज शॉर्ट झाले तर फॉल्ट करंट किती आणि फॉल्ट लेव्हल किती?

ट्रान्सफॉर्मर ओळखीचा होता. गल्लोगल्ली उभा असतो, मी त्याच्या अंगाखांद्यावर वाढलो म्हणा ना. पण फॉल्ट लेव्हल? शॉर्ट सर्किट झालं की फ्यूज उडतो, लोक फोन करतात, आम्ही जातो. करंट किती होता हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. पाय आपोआप हलायला लागला. पुढच्या बाकावरच्या मुलाने मागे वळून पाहिलं, कारण त्याचा बाकही हलत होता. वाटलं, झालं. आता रिटायर होईपर्यंत गुडघा आणि खांब.

मग मी पान उलटलं. यात धीर वगैरे काही नव्हता, त्या प्रश्नाचं तोंड बघवेना इतकंच. उलटल्यावर अर्थिंगचा प्रश्न दिसला. तो मी झोपेत सांगेन. तो लिहिला. मग केबल जोडणीचा, मग तेल तपासणीचा. तिसऱ्यापर्यंत पाय थांबला होता, कधी थांबला ते कळलं नाही. दोन प्रश्न अर्धवट जमले, तेही लिहिले. अर्धा तास उरला तेव्हा पहिल्याकडे परत आलो. तो काही सोपा झाला नव्हता, मीच जरा कमी घाबरलेलो होतो.

काय दिलंय ते लिहिलं. काय काढायचं ते लिहिलं. आकृती काढली, आत येणाऱ्या बाजूला डेल्टा, बाहेर जाणाऱ्या बाजूला स्टार, न्यूट्रलला अर्थ. ही भजी नव्हती, ही मला येते. मग फुल लोड करंट. तो फ्यूजसाठी नेहमी लागतो: एक लाखाला एक पॉइंट सात तीन दोन गुणिले चारशे तेहतीसने भागलं, एकशे तेहतीस अॅम्पिअर. खाली चौकट केली.

पुढे अडलो. साडेचार टक्के कशाचे? पेनाने बाकावर टकटक करत राहिलो. बाई सुपरवायझर येऊन म्हणाल्या, "सर, आवाज मत कीजिए." त्या सर म्हणाल्या हेच मला पुष्कळ झालं.

तेव्हा वर्कशॉप आठवलं. जळालेले ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीला द्यायला जायचो, दुरुस्त झालेले घ्यायला जायचो, गेट पासची वाट बघत उभा राहायचो. तिथे दुरुस्त झालेल्याची बाहेर जाणारी टोकं पट्टीने शॉर्ट करायचे आणि अकरा हजाराच्या बाजूने थोडंच व्होल्टेज द्यायचे. तेवढ्यावरच भरपूर करंट वाहायचा. मी लिहिलं: अकरा हजाराचे साडेचार टक्के म्हणजे चारशे पंच्याण्णव व्होल्ट; टोकं शॉर्ट असताना इतक्या व्होल्टेजवर फुल लोड करंट वाहतो. म्हणून पूर्ण व्होल्टेजवर फॉल्ट करंट याच्या कितीतरी पट होईल. कितीतरी पट म्हणजे किती, यावर विचार चालू असतानाच घंटा झाली.

बाहेर तोच माफीवाला मुलगा भेटला. "अंकल, पहिला? एकशे तेहतीसला पॉइंट झिरो फोर फाइवने भागायचं होतं. तीन हजाराच्या जवळ येतो."

म्हणजे एक भागाकार राहिला होता. उत्तराच्या दारापर्यंत गेलो आणि बेल न वाजवता परत आलो. घरी सांगितलं तर मुलगी म्हणाली, "पण रस्ता तर सही लिहिला ना?" बायको म्हणाली, "यांचं असंच असतं, सगळं सामान आणतात आणि मीठ विसरतात."

त्यानंतरचे दोन महिने मी नीट बसू शकलो नाही. फोन वाजला की रिझल्ट, नाही वाजला की नापास. रोज मनातल्या मनात पहिल्या प्रश्नासकट पेपर तपासायचो आणि रोज वेगळे मार्क यायचे, सदतीस, एक्केचाळीस, चौतीस. पास व्हायला चाळीस लागत.

यादी आली ती मी एका खांबावर असताना. जोडीदाराने खालून मोबाइलवर वाचून दाखवली. "भिया, नाव आहे तुमचं. त्रेचाळीस."

पहिल्या प्रश्नाचे त्यात किती, हे यादीत नव्हतं. पण पहिला सोडून उरलेल्याचा हिशेब मी शंभर वेळा केला होता आणि तो कधीच चाळीसपर्यंत पोचत नव्हता. तीन हजाराचं उत्तर न लिहिताच तपासणाऱ्याने त्या चौकटीला, त्या डेल्टाला, त्या चारशे पंच्याण्णवला काहीतरी दिलं होतं.

"उतरा आता हळूहळू," जोडीदार म्हणाला. "आता पडलात तर मला पार्टनर नाही, साहेब उचलावा लागेल."

मी हातातला नट पूर्ण आवळला आणि एक एक पाय खाली टाकत उतरलो.