दांडीचा नळ आणि गिरजाबाईंचे मनगट

माजरीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वामनरावांनी तीस वर्षे नळजोडणीचे काम केले. त्यांची एक रीत तिथे अजून सांगितली जाते: नवा नळ बसवल्यावर ते तो स्वतः उघडत नसत, घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या हातून उघडवून घेत. ही रीत त्यांना त्यांच्या उस्तादाकडून मिळाली, असे वसाहतीतले दोघेजण खात्रीने सांगतात. वामनरावांना ते मान्य नाही. "कोणता उस्ताद? गिरजाबाईनं शिकवलं मले," एवढेच ते म्हणतात.

गिरजाबाई या खाणीत पाळीवर देखरेख करणारे ओव्हरमन हरिदास यांच्या आई. हे शिकवणे घडले ते वर्ष वामनराव पंच्याऐंशी सांगतात. परंतु हरिदासांच्या गीझरच्या हमीपत्रावर नोव्हेंबर १९८६ चा शिक्का आहे, तेव्हा त्यानंतरचाच हिवाळा धरणे भाग आहे.

घरात माणसे सात आणि न्हाणीघर एक. गरम आणि थंड असे दोन वेगळे नळ होते; दोन्ही बादलीत सोडायचे आणि हाताने अंदाज घ्यायचा. गरम नळाचा वायसर झिजला होता. तो ठिबकू नये म्हणून प्रत्येक जण आधीच्यापेक्षा जास्त आवळून जाई. संधिवाताने बोटे वळलेल्या गिरजाबाईंना तो फिरवता येत नसे. रोज पहाटे त्यांना दाराची कडी न लावता सुनेला हाक मारावी लागे, आणि सत्यशीला पोळी तव्यावर तशीच सोडून येई. सुनेची तक्रार नव्हती. गिरजाबाईंनाच ती हाक नको होती.

हरिदासांच्या धाकट्या भावाने कुवेतहून एका दांडीचा मिक्सर नळ आणला. दांडी वर उचलली की पाणी, डावीकडे गरम, उजवीकडे थंड, मध्ये कोमट.

वामनरावांनी तो उलटसुलट पाहिला. "याच्यात वायसर नाई, चकत्या हायेत. बिघडला तं सामान इथी कुठी भेटणार?"

"बिघडला तं पाहू," गिरजाबाई म्हणाल्या. "आधी लाव तं खरी."

वामनरावांनी दोन्ही नळांच्या जागी मिक्सर बसवला. जोडणी जुनीच ठेवली: थंड पाणी थेट वसाहतीच्या लाइनीवरून, गरम गीझरमधून, आणि गीझरला पाणी छपरावरच्या टाकीचे. दुपारी लाइनीला जोर नव्हता. त्यांनी स्वतः दांडी उचलली, पाणी कोमट आले, ते घरी गेले.

पहाटे वसाहतीचा पंप सुरू झाला. गिरजाबाईंनी दांडी मध्ये धरली तर पाणी बर्फासारखे. पार डावीकडे नेली तर बारीक धार, तीही भाजणारी. शेवटी त्यांनी सुनेला हाक मारलीच.

"वामनभाऊ, काढून टाका हे," हरिदास सकाळी म्हणाले. "सात माणसं हायेत. पोरं शाळेत कवा जातीन, मी ड्युटीवर कवा जाऊ?"

"दोन नळ होते तं दोन बादल्या सोबत भरत होत्या," सत्यशीलाने पुस्ती जोडली. "आता एकच तोंड."

गिरजाबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या.

आत कोणीतरी तोंड धुवायला दांडी उचलली होती. वामनरावांचे लक्ष छपराकडे गेले. टाकी भरलेली होती, भरणे बंद करणारा तिचा फुगा वर बसला होता, तरी जादा पाण्याच्या कडेच्या नळीतून पाणी गळत होते. त्यांनी हात खाली धरला. पाणी कोमट होते.

"हात् तिच्या," ते म्हणाले. "तुमच्या आंघोळीचं पाणी वरत चाललं."

मिक्सरमध्ये दोन्ही पाणी एकत्र येत होते. पंपाचा जोर मोठा, टाकीचा थोडा. नळाच्या तोंडची जाळीही जुन्या नळ्यांतून सुटलेल्या गाळाने बुजलेली. थंड पाणी गरमाच्या नळीत घुसून गीझरमधून उलटे टाकीत चढत होते. वेगळ्या नळांत दोन्ही पाणी बादलीतच भेटायचे, म्हणून हे कधी घडले नव्हते.

"मंग उलटं न जाणारी झडप लावा," हरिदास म्हणाले.

"मागं जाणं थांबन, भाऊ. पण गरम पुढं येणार नाई. जोर तं थंडाचाच राहीन."

"उद्या सकाळपर्यंत पाहतो. नाई तं जुने नळ लावा."

त्या दिवशी वामनरावांनी मिक्सरचे थंड पाणीही त्याच टाकीवरून घेतले, म्हणजे दोन्हींचा जोर सारखा. जाळी साफ केली. लाइनीवरचा जुना थंड नळ बादल्यांसाठी भिंतीत खाली पुन्हा बसवला.

दुसऱ्या पहाटे, पंप पूर्ण जोरात असताना, सगळे न्हाणीघराच्या दारात उभे होते. वामनरावांनी दांडीकडे हात नेला.

"तुया हातानं तं परवाही चालला होता," गिरजाबाई म्हणाल्या. "सरक."

त्यांनी मनगटाची मागची बाजू दांडीखाली घातली आणि ती उचलली. धार पूर्वीपेक्षा मंद होती, पण कोमट. त्यांनी दुसरा हात तिच्याखाली धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग शेजारच्या खालच्या नळाकडे पाहून सुनेला म्हणाल्या, "तुयी बादली भरून घे अन् जा."

सत्यशीलाने बादली भरली. हरिदास घड्याळाकडे पाहत होते, वामनराव छपराकडे.

"आता काऊन उभे हा सगळे?" गिरजाबाई म्हणाल्या. "निघा बाहेर. मले आंघोळ कराची हाय."

त्यांनी कडी आतून लावली. सत्यशीला सांगते, सासूबाईंनी ती कडी लावल्याचा आवाज तिने त्या घरात प्रथमच ऐकला.