अल्बममध्ये नसलेला

मोरव्याचा दिपेश लग्नांचे फोटो काढायचा. कॅमेऱ्यातल्या मूळ रॉ फाइली इतक्या जड, की हार्डडिस्क सारखी भरायची. म्हणून त्याने ठरवून टाकलं होतं. अल्बममध्ये गेलेल्या फोटोंच्या रॉ फाइली डीव्हीडीवर जपायच्या, बाकीच्यांचे हलके जेपीजी करून रॉ काढून टाकायच्या आणि हललेले, मिटल्या डोळ्यांचे फोटो सरळ पुसायचे.

२००८ च्या दिवाळीनंतर पालीच्या रंभामावशी दुकानात आल्या. त्यांचा मुलगा धर्मेश बोटीवर गेला तो परतलाच नव्हता. घरात लावायला त्याचा एक धड फोटो नव्हता.

"आमच्या शेजारच्या चांदणीच्या लग्नात व्हता ना रे त्यो?"

दिपेशला तो एका फोटोत सापडला. मांडवाच्या कडेला, दिव्यांकडे पाठ, चेहरा अंधारात. उजेड वाढवला तर चेहऱ्यावर नुसते करडे डाग उठले. रॉ फाइलमध्ये अंधारातलं बरंच काही उरलेलं असतं. जेपीजी करताना ते गेलं होतं.

"मावशी, मूळ फाइल मी ठेवली नाही. जागा नव्हती."

"येवढ्याशा पोराला जागा न्हाय?"

"अल्बममधल्यांच्याच ठेवल्या."

"त्यो कुठला अल्बमात! कॅमेरा दिसला की मागं पळायचा मेला."

शब्द तोंडातून गेला आणि मावशी हसता हसता थांबल्या. दिपेशने पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी लावले, अंधारातला आणि उजेड वाढवलेला.

"डागाचा नको," त्या म्हणाल्या. "त्यो वळखूच येत न्हाय. काळाच दे."