एकाआड एक दिवस लुकलुकणारा दिवा

विष्णूभाऊ खांबेटे वीज मंडळातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी रिकाम्या खोलीत जळणारा दिवा त्यांना बघवत नसे, दुसऱ्याच्या घरातलासुद्धा. माझ्याकडे चहाला आले की जाता जाता स्वयंपाकघरातला दिवा बंद करत, आणि मी आत अंधारात साखर शोधत बसे.

अमेरिकेत नेपरव्हिलला वृद्धांच्या एका इमारतीत आमची दारं समोरासमोर होती. पत्नी गेल्यावर ते एकटेच राहत. कान मात्र झपाट्याने जात चालले होते. आवाज वाढवणाऱ्या फोनवर ते छान बोलत, पण फोन वाजतोय हेच त्यांना कळत नसे. एकदा दूरच्या बेलव्ह्यूहून मुलाने, शैलेंद्रने, फोन करून करून शेवटी आमच्या मॅनेजरबाईंना पाठवलं. त्या किल्लीने दार उघडून आत शिरल्या तेव्हा भाऊ बनियनवर चकल्या तळत होते. दोघंही किंचाळले.

त्यानंतर शैलेंद्र स्वतः आला. येताना एक डबी घेऊन आला. भिंतीतून येणारी फोनची वायर त्याने डबीत घातली आणि डबीतून दुसरी वायर फोनला नेली. डबी विजेच्या सॉकेटमध्ये लावली आणि टेबलावरच्या दिव्याचा प्लग डबीत खोचला. फोन वाजला की डबी दिव्याला वीज सोडणार आणि दिवा घंटीच्या ठेक्यावर लुकलुकणार. रात्रीसाठी उशीखाली एक थरथरणारी चकती दिली, तीही त्याच डबीला जोडलेली.

"बाबा, दिव्याचं स्वतःचं बटण कायम चालू ठेवायचं. दिसायला बंद दिसेल, पण चालूच. कळलं?"

"मला वीज शिकवतोस?" भाऊ म्हणाले.

"रोज संध्याकाळी फोन करीन. नाही उचललात तर मार्चमध्ये बेलव्ह्यूला यायचं. विमानाचं तिकीट बुक करून ठेवलंय, हवं तर कॅन्सल करता येतं."

तो गेल्यावर भाऊ मला म्हणाले, "ताई, सून गुणी आहे. पण तिथे मी पाहुणा. इथे माझ्या दाराची किल्ली माझ्या खिशात असते."

सोमवारी दिवा लुकलुकला. मंगळवारी नाही. बुधवारी लुकलुकला, गुरुवारी पुन्हा नाही. शैलेंद्रने नवी डबी पाठवली, तिचीही तीच तऱ्हा. भाऊंनी बल्ब बदलून पाहिला.

"एकाआड एक दिवस. हे भारनियमन आहे ताई, नक्की. अमेरिकेतसुद्धा सुरू झालं, फक्त कबूल करत नाहीत."

"आणि माझ्या घरात कसं नाही?"

"तुमच्या घराला वीज दुसऱ्या फीडरच्या लाइनवरून येत असेल."

तिकडे शैलेंद्रचा धीर सुटला होता. "मावशी, रविवारी शेवटचं बघतो," तो मला फोनवर म्हणाला. "मग मी न्यायलाच येतो."

शनिवारी रात्री मी त्यांच्याकडून निघाले. मला पोचवायला दारापर्यंत येता येता भाऊ नेहमीप्रमाणे एकेक दिवा बंद करत होते. हॉलचा केला, पुस्तकांजवळचा केला आणि टेबलावरच्या त्या न लागलेल्या दिव्याचं बटणही कट्कन पिळलं.

"हे काय केलंत?" मी तोंड त्यांच्याकडे करून मोठ्याने विचारलं.

"कुठे काय?"

"त्या दिव्याचं बटण पिळलंत."

"बंद केला."

"तो बंदच दिसत होता की! चालू बटण तुम्ही बंद केलंत. उद्या रात्री पुन्हा पिळाल, की चालू!"

इथल्या दिव्यांच्या गोल बटणावर चालू-बंदची खूण नसते. भाऊंनी वाकून ते बटण नीट पाहिलं. मी पर्समधून मोबाइल काढून त्यांचा नंबर लावला. घंटी खणखणली, दिवा काळाच. त्यांनी बटण पिळलं. दिवा लुकलुकू लागला, आणि त्यांचा चेहराही त्याच ठेक्यावर उजळत-मावळत होता.

"ताई, शैलेंद्रला सांगू नका."

"आणि हात आवरेल?"

"हात नाही आवरायचा," ते म्हणाले. "बटणच काढू."

रविवारी सकाळी त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून होल्डर, वायर आणि प्लग आणला आणि बटणच नसलेला दिवा तयार केला. संध्याकाळी तो लुकलुकला आणि त्यांनी फोन उचलला. त्या आठवड्यात रोज उचलला. शैलेंद्रने तिकीट कॅन्सल केलं.

पुढच्या महिन्यात त्याचा मला घाबरून फोन आला. "मावशी, बाबांचा फोन लागतच नाही! अर्धा तास!"

मी समोर जाऊन पाहिलं. भाऊ रिसीव्हर कानाला लावून, मांडी घालून बसले होते.

"उचललाय रे," मी त्याला सांगितलं. "गालिचे धुऊन देणाऱ्या कंपनीचा माणूस आहे. त्याला वीज मंडळातल्या पहिल्या बदलीची गोष्ट सांगतायत."

"त्याने ठेवला का नाही?"

"ठेवू देत नाहीयेत."