विहिरीतलं भूत मवाळ करताना

सहकारी संस्थेत कारकुनी केली की हिशेब निवृत्तीबरोबर संपतात, किस्से मात्र थकबाकीसारखे साचत जातात. ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठी आमच्या संस्थेनं आष्टीकडं वसतिगृह काढलं होतं. हा तिथला, एका दुष्काळी वर्षातला!

*

रोज दुपारी वसतिगृहाचे शेख सर मुलांना गोष्ट सांगत. एकदा त्यांनी स्वतःची भयकथा आणली. पडलेली बादली काढायला गंगी नावाची पोर कमरेला दोर बांधून कोरड्या विहिरीत उतरते आणि तळाशी गळा चिरलेली बाई तिचा पाय धरते!

मुलं किंचाळली. सर खूश! "भाऊसाहेब, असर बघा!"

असर दुसऱ्या दिवशी दिसला. सात वर्षांची रंजू पाण्याच्या हौदाकडं जाईना. तहान लागली तरी गप्प. स्वयंपाकीण सिंधूबाई माझ्या टेबलाशी आल्या. "लेकरानं सकाळपासून घोटभर पाणी न्हाई पिलं. हिची माय तिकडं उसाच्या फडात. रातच्याला जवळ कोण घेणार, तुमची संस्था?"

*

चेअरमनसाहेबांनी तोडगा काढला. "भूत कॅन्सल!"

नव्या गोष्टीत पहिल्याच वाक्यात कळलं, की विहिरीत कासव आहे आणि घाबरण्याचं कारण नाही. निम्मी मुलं झोपली. जागं असलेलं एक म्हणालं, "मंग सांगितली कशापायी?"

रंजू तरीही हौदाकडं गेली नाही. 'घाबरू नका' म्हटल्यावर ती जास्तच घाबरली!

*

मग सर आणि मी कात्री घेऊन बसलो. रक्त गेलं, चिरलेला गळा गेला. पाय धरणारा हात काढताना सरांचा चेहरा सख्खं माणूस गेल्यासारखा झाला.

"मग उरलं काय, भाऊसाहेब?"

"आवाज ठेवा. दिसू काहीच देऊ नका."

तळाशी अंधारात नुसतं ठक... ठक. कासव पत्र्याच्या बादलीला धडकतंय हे शेवटी कळेल. पण आवाज पत्र्याचा आहे, हे आधीच सांगायचं. लेकरांना फसवायचं नाही, नुसतं ताटकळत ठेवायचं. आणि गोष्ट त्याच बैठकीत संपवायची. उरलेलं भूत अंथरुणात न्यायला नको.

*

कच्चा खर्डा सरांनी एकट्या रंजूला ऐकवला. तिनं एकच विचारलं, "वर दोर कुणी धरलाय?"

एवढ्या मजकुरात दोर होता, धरणारं कुणी नव्हतं!

सरांनी गंगीची मावशी काठावर उभी केली. दोराला एक झटका म्हणजे 'ठीक हाय', दोन म्हणजे 'वर वढ'. निर्णय गंगीच्या हातात. ठक झालं, की तिनं एकच झटका द्यायचा आणि आणखी एक पायरी उतरायची.

*

शनिवारी सर्वांसमोर वाचन झालं. रंजू सिंधूबाईंच्या पदराला धरून बसली होती.

"ठक," सर हळूच म्हणाले. गंगीनं एक झटका दिला. "ठक... ठक." आवाज आता पायाजवळ. गंगी वाकली. अंधारात हात पुढं केला...

आणि सरांना ठसका लागला! घसा कोरडा. शब्द फुटेना. हलायला कुणी तयार नाही.

रंजू उठली. तरातरा हौदाकडं गेली, तोटी सोडून तांब्या भरला आणि सरांच्या पुढ्यात आदळला.

"प्या लवकर, सर! गंगी खालीच हाय!"