महादेवाचं कच्चं दूध

शांती नगरच्या दुर्गाबाईंना पिशवीच्या दुधाचा जितका राग होता, तितका नवऱ्याच्या दारूचाही कधी आला नव्हता. नवरा निदान ताजी प्यायचा, असं त्या चारचौघांत सांगत. रत्नागिरीकडच्या गावातून लग्न होऊन आल्या तेव्हापासून, नवरा गेला तरी, रोज सकाळी शेअर रिक्षाने काशीगावला जायचं, महिपतच्या तबेल्यात उभं राहायचं आणि डोळ्यांदेखत काढलेलं म्हशीचं दूध किटलीत भरून आणायचं, हा त्यांचा नेम होता. घरात दूध बघायचं ते त्यांनीच.

मग सून आली, मिनल. तिने फ्रीजमध्ये पिशव्या आणून ठेवल्या आणि घरात दोन पातेली झाली. एकाच गॅसवर ती शेजारी शेजारी तापत, पण सासू-सुना एकमेकींकडे बघत नसत.

"मेलेलं दूध ते!" दुर्गाबाई म्हणायच्या. "त्यात राहिलंय काय?"

"जंतू राहिले नाहीत, आई. तेवढंच."

मग मुलगा, निकेत, आजारी पडला. संध्याकाळी ताप भरायचा, रात्री घामाने चादर ओली व्हायची, चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. कंबर अशी धरली की ऑफिसच्या खुर्चीत बसवेना. महिन्याभरात तो निम्मा झाला. दुर्गाबाईंनी निदान केव्हाच करून टाकलं होतं: पिशवी. "माझ्या पोराला हिने विष पाजलं," हे त्यांनी जिन्यात शेजारणीला मिनलला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं.

मीरा रोडच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून घेतलं आणि पहिलाच प्रश्न केला, "कच्चं दूध पिता का?"

"हे बघा, पिशवीचं येतं ना घरात!" दुर्गाबाई उसळल्या.

"पिशवीचं पाश्चराइज्ड असतं, आजी. डेअरीत ते बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद तापवतात आणि लगेच थंड करतात. रोगाचे जंतू मरतात. आंबवणारे थोडे उरतात, म्हणून फ्रीजमध्ये ठेवायचं. ह्यांना ब्रुसेला नावाच्या जंतूचा ताप आहे, जनावराच्या कच्च्या दुधातून येतो. म्हशी गाभडतात त्याने, गर्भ पडतो."

महिपतच्या दोन म्हशी गाभडल्या होत्या. उन्हाने झालं, असं तो म्हणाला होता आणि त्यांनी मान डोलावली होती.

"पण मी उकळते," दुर्गाबाई म्हणाल्या. "तीन उकळ्या आणते. घरचं उकळणं पुरत नाही का?"

"पुरतं की! नीट उकळी आली की हा जंतू शिल्लक राहत नाही. कुणी पाणी घातलं, भेसळ केली, तर ती मात्र उकळून जात नाही. सगळं दूध उकळता ना पण?"

"एक थेंब कच्चा जात नाही पोटात," दुर्गाबाई छातीठोकपणे म्हणाल्या. ह्यात त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी ते खरंच होतं.

निकेतला सहा आठवड्यांच्या गोळ्या मिळाल्या. आणि सोमवार आला. दुर्गाबाईंनी किटली आणली, पातेलं गॅसवर चढवायच्या आधी वाटीभर दूध बाजूला काढलं आणि देवघरात महादेवाच्या पिंडीवर धरलं. त्यातलंच पंचामृतात घातलं. पंचामृताची वाटी घेऊन, पळी भरून त्या निकेतच्या खाटेशी आल्या.

"घे रे, तीर्थ."

मिनल दारातच उभी होती. "आई, हे दूध उकळलंय?"

"देवाला उकळलेलं घालतात काय गं? आईबापांनी काही शिकवलं नाही वाटतं!"

"दर सोमवारी हेच देता ह्यांना?"

दुर्गाबाईंच्या हातातली पळी थांबली. सात पिढ्या घेतलेलं ते तीर्थ. ते दूध आहे, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"आणि जिन्यात माझं नाव घेत फिरलात!" मिनलचा आवाज चढला. "विष मी पाजलं?"

"तीर्थाने कुणी मरत नाही!"

निकेतने हात पुढे केला नाही. भिंतीकडे बघत तो एवढंच म्हणाला, "आई, उद्यापासून दुधाचं मिनल बघेल."

दुर्गाबाईंनी पळी वाटीत आपटली. एवढी वर्षं रिक्षाचे धक्के खाल्ले ते ह्याच्याचसाठी. "मग हे मीच पिते," त्या ओरडल्या, "बघू काय होतंय!" पंचामृताची वाटी त्यांनी तोंडाशी नेली आणि मुलाकडे पाहिलं. आई, नको, एवढंच त्याने म्हणायला हवं होतं. त्या थांबल्या. निकेतने मान वळवली नाही.

वाटी हिसकावली ती मिनलने. "दोन आजारी माणसं माझ्याने निभणार नाहीत," ती दात-ओठ खात म्हणाली. "उद्या तुमचंही रक्त तपासायचं. मुकाट्याने चला."

दुर्गाबाई रिकाम्या हाताने तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या जिवाची काळजी ह्या घरात आता कुणी करत असेल, तर हीच बाई करत होती, आणि त्यांना ते सहन होईना.