आधी खड्डे, मग पाया

अमरावतीच्या कन्सल्टिंग इंजिनियरसाहेबांनी माझी नोकरी वाचवली. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात चूक सगळी माझी आहे.

मी रत्नागिरीकडचा. चौथीत शाळा सुटली, गवंडीकाम शिकलो, आणि वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं त्या काळात अकोल्याला एका शेठजींकडे मुकादम म्हणून लागलो. शेठजी मोकळ्या जागा घेत आणि खाली दुकानं, वर बिऱ्हाडं अशा इमारती उठवत. नव्या इमारतीच्या पायाचा नकाशा त्यांनी साहेबांकडे मागितला. अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त धरला होता. साहेबांनी उलट विचारलं, जमीन कशी आहे?

शेठजी मला म्हणाले, "जाऊन पाह्य अन् लिहून दे."

चैत्राचं ऊन होतं. पहार मारली तर ती टणकन उडाली. आमच्याकडं पहार उडाली की खाली कातळ. तीन फुटांवर पाया घाला आणि निश्चिंत व्हा. मी लिहिलं: जमीन दगडासारखी, खड्डे घेऊन पाहण्याची जरूर नाही. शेठजींनी खाली सही ठोकली.

आठ दिवसांत उत्तर आलं. शेठजी पत्रं माझ्याकडूनच वाचून घेत, तेव्हा हेही मीच उभ्यानं वाचलं.

"मुकादमाने लिहिले ते खरे, पण ते चैत्रापुरते खरे. काळी माती उन्हाळ्यात आटून टणक होते, पाणी मिळताच फुगून भिंत उचलते, सुकली की आकसते. सगळीकडे सारखी हलत नाही, म्हणून भिंती तडकतात. ती किती खोल आहे, खाली मुरूम कोठे लागतो, तो किती भार पेलेल, पाणी कोठवर चढते, हे कळल्यावाचून पाया किती खोल आणि किती रुंद घ्यावा हे मला सांगता येणार नाही. आज नकाशा काढला तर तो केवळ अंदाज असेल, आणि त्या अंदाजावर माणसे राहतील. चारी कोपऱ्यांत व मध्ये खड्डे घ्यावेत. मुरूम लागला तरी आणखी दोन-तीन फूट जावे, म्हणजे तो पातळ थर नाही हे कळेल. थर बदलेल तिथले ढेकूळ अखंड काढून, ओल जाऊ नये म्हणून मेण लावून पाठवावे."

मी पान उलटायला थांबलो.

"काहून रे कोकण्या," शेठजी म्हणाले, "तुले कातळ दिसला होता ना? मुहूर्त चुकला तं गाठोडं बांध आपलं."

पत्राच्या शेवटी दोन ओळी होत्या. "मुकादमाने ऐकीव लिहिले नाही, स्वतः पहार मारून पाहिली. खड्ड्यांच्या कामावर त्यालाच ठेवावे." त्या शेठजींनी दोनदा वाचायला लावल्या.

"ठेव म्हनते तं ठेवतो. पन मुहूर्ताचं काय?"

खोदकामाचे चाचा दारात बसले होते. ते म्हणाले, "शेठ, खड्ड्याचीच पूजा करा ना. कुदय तं तिथंबी कुदयच लागते."

शेठजींना हसू आलं. मुहूर्ताला पहिल्याच खड्ड्यावर कुदळ पडली आणि नारळ फुटला.

बाजू ढासळू नयेत म्हणून लाकडी बल्ल्यांचे टेके देत आम्ही खाली गेलो. मी आत उतरून पाहिलं. वरून बोटभर दिसणारी भेग माझ्या कमरेच्या खाली गेली होती. खोलवर मातीतल्या भेगांच्या बाजू एकमेकींवर घासून घोटलेल्या दगडासारख्या चमकत होत्या. एवढी जड जमीन दरवर्षी हलते आणि वर चालणाऱ्याला पत्ताही नाही! मी आपोआप हात जोडले.

चार खड्ड्यांत सात फुटांवर मुरूम लागला. मागच्या कोपऱ्यात बारा फुटांवरही काळीच माती, त्यात विटांचे तुकडे.

"इथं नाला होता, मंग बुजवला," चाचा म्हणाले. "बापानं सांगतलं होतं."

"मग आधी का नाही सांगितलं, चाचा?" मी विचारलं.

"कोनं इचारलं मले?"

साहेब बडनेऱ्याला गाडी बदलून आले. आधी खड्ड्यात उतरले, मग चहा घेतला. सुकलेलं एक ढेकूळ त्यांनी पाण्याच्या पेल्यात टाकलं. ते आमच्यासमोर फुगलं आणि विरघळून बसलं. शेठजींनी पेला उचलून आतला गाळ बोटानं ढवळून पाहिला.

नकाशा ढेकळं तपासून झाल्यावर आला. पाया मुरमात, नाल्याच्या कोपऱ्यात खांब आणखी खोल, त्यांवर तुळई, आणि तुळईखाली मोकळी फट, माती फुगली तरी तिनं तुळई उचलू नये म्हणून. मी तीन फुटांवर थांबलो असतो.

त्या पत्रात सगळा दोष माझ्या माथी मारणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी ते केलं नाही, आणि मी घरी पाठवायची पत्रं त्यानंतरही अकोल्याहूनच पाठवत राहिलो. साहेब अजून भाड्याच्या घरात राहतात. ते स्वतःचं घर बांधतील तेव्हा मी असेन तिथून येईन आणि शेवटची वीट बसेपर्यंत त्यांच्या कामावर उभा राहीन. हा उपकार मी फेडणार आहे.