दुसऱ्या पोराचं काय?

कांताचं नाव घेऊन झालेलं भाषण तिच्या आयुष्यात एकच, आणि तेही तिनंच अर्ध्यावर बंद पाडलं. अशी बाई!

सिंदी मेघेच्या प्रेमदास रेल्वेवाल्याची ही थोरली. बी.एस्सी. झाली, नागपूरला संगणकाचा कोर्स केला आणि सत्त्याऐंशी साली वर्ध्यातल्या एका खासगी संगणक केंद्रात लागली. परीक्षांचे निकाल काढून देणं हे तिथलं मुख्य काम. बाकीचे लोक प्रोग्राम लिहीत. कांता आणि म्हातारे तानबाजी ते वाचत. लिहिलेला प्रोग्राम लांबलचक कागदावर छापून यायचा, हे दोघं लाल पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ तपासायचे, आणि त्यांची सही झाल्याशिवाय तो यंत्रावर चालवायचा नाही, असा तिथला शिरस्ता.

कांताची वाचायची तऱ्हा न्यारी. ती मनातल्या मनात एक पोरगा प्रोग्राममध्ये सोडायची, त्याचा निकाल लावायची आणि मग विचारायची, "आता दुसऱ्या पोराचं काय?" पहिल्याचं काही पुसायचं राहून ते दुसऱ्याच्या माथी तर बसत नाही ना, हे ती बघायची. लिहिणाऱ्यांना तिचा राग यायचा. रूपराव तर तोंडावर म्हणायचा, "ताई, तुम्ही लिहीत काई नाई, नुसत्या खोडता!" वर नोकरी हंगामी. प्रोग्राम लिहिणाऱ्याचे प्रोग्राम मोजता येतात; न झालेल्या चुका कोण मोजणार? यंदा आपल्याला घरी बसवणार, असं तिनं धरूनच ठेवलं होतं.

म्हणून शनिवारच्या बैठकीत केंद्राचे प्रमुख पुंडलिकराव उभे राहिले आणि "कांताबाई" म्हणाले, तेव्हा तिला वाटलं, झालं, आलीच ती वेळ.

"आपले प्रोग्राम पाच वर्षं धड चालून राह्यले, ते काऊन?" पुंडलिकराव म्हणाले. "हे दोघं गुपचूप वाचतात म्हणून. जुना प्रोग्राम कोणी हातात घेतला तं त्याले समजते, कारण यायनं त्यातले गुंते आधीच सोडवून ठेवले. यायचं नाव कुठंच छापत नाई, आज मी घेतो." त्यांनी खिशातून एक कागद काढला. "कांताबाईले कायम केलं आहे!"

टाळ्या पडल्या. भिंतीपलीकडे प्रिंटर खडखडत होता. दहावीच्या सरावपरीक्षेचा निकाल छापणं सुरू झालं होतं.

"आता हाच निकाल पाहा," साहेब रंगात आले. "बाईची सही झाल्यावर रूपरावनं काल ग्रेसची एक ओळ तेवढी वर नेऊन ठेवली, आन् प्रोग्राम कसा सुटसुटीत..."

कांताचं लक्ष तेवढ्यावरच अडकलं. सही झाल्यावर? ग्रेसची ओळ? एका पोराला एकाच विषयात ग्रेस गुण द्यायचे, म्हणून दिले की 'दिले' अशी खूण व्हायची, आणि पुढचा पोरगा आला की ती खूण पुसायची. ती पुसणारी ओळ वर, सुरुवातीला नेली, तर एकदाच पुसणार! पहिल्या एकाला ग्रेस मिळणार. बाकीच्यांना यंत्र म्हणणार, दिलेत की! जिल्ह्यातली किती लेकरं गुपचूप नापास!

आणि खाली सही कोणाची? तिची. बोललं तर चूक आपल्याच माथी येऊन हातात आलेली नोकरी जाईल, हेही तिला तेव्हाच कळलं. तरी ती उठलीच.

"साहेब, प्रिंटर थांबवा!"

"अवो, भाषण तं होऊ द्या..."

"आग लागो त्या भाषणाले! लेकरं नापास होऊन राह्यली!"

तानबाजी प्रिंटरकडे धावले. खडखड थांबली, कागद आला. वरच्याच पानावर एका पोराला ग्रेस मिळून तो पास. त्याच्याखाली दोन पोरी दोन-दोन गुणांनी नापास, ग्रेसच्या रकान्यात नुसती रेघ. रूपरावनं पान उलटून पाहिलं.

"मी चालवून पाह्यलं होतं, ताई," तो कसाबसा बोलला. "बरोबर आलतं."

"किती पोरं घेऊन पाह्यलं?"

"एकच."

कांताला रडू फुटलं. "मी न वाचलेलं तुम्ही माह्या सहीवर चालवलं, भाऊ," ती म्हणाली. "मले शिव्या देल्या असत्या तं चाललं असतं."

रूपरावनं ओळ जागेवर नेली आणि प्रोग्रामचा नवा कागद काढून मुकाट्यानं तिच्यासमोर ठेवला. तिनं तो परत सरकवला. "माहं डोकं ठिकाणावर नाई. आज मी वाचलं तं चुकीन. दुसऱ्यानं वाचा."

तानबाजींनी हात पुढे केला, पण पुंडलिकरावांनी कागद आधीच ओढून घेतला होता. साहेब झाल्यापासून त्यांनी एक ओळ वाचली नव्हती. कायम केल्याचा हुकूम त्यांनी कांतासमोर ठेवला, तिची लाल पेन्सिल उचलली, चष्मा पुसला आणि बोट लावून वाचायला बसले. भाषण राहिलं ते राहिलंच. थोड्या वेळानं सगळ्यांना ऐकू आलं, साहेब स्वतःशीच पुटपुटत होते, "बरं, हा झाला. आता दुसऱ्या पोराचं काय?"